तळ्याकाठची पहाट स्टिरिओत मुद्रित करताना: माइकच्या जोडीपासून फाइलच्या नावापर्यंत

एखाद्या दृश्यामागे किंवा श्राव्य कार्यक्रमातल्या संवादामागे जो सलग, विशिष्ट जागेचा आवाज ऐकू येतो, त्याला परिसरध्वनी म्हणतात. ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात त्याला सरसकट ‘अँबियन्स’ म्हटले जाते. नवखा माणूस तो मुद्रित करायला निघतो तेव्हा त्याचे लक्ष साहजिकच वेधक आवाजांकडे असते: जवळून गेलेला पक्षी, पाण्यात उडी मारणारा बेडूक, वाळक्या पानांवरची पावले. परंतु हे ध्वनिमुद्रण पुढे ज्याच्या हाती पडेल, त्या संकलकाला बहुतेक वेळा याच्या उलट हवे असते. त्याला चार मिनिटांचा असा तुकडा हवा असतो, ज्यात काहीही मध्येच पुढे येत नाही, जागा हलत नाही आणि एकही आवाज संवादाशी झगडत नाही. तुम्ही त्या संकलकाला भेटणार नसता आणि त्या पहाटे काय घडले हे त्याला फाइल व तिच्या नावाखेरीज कशातूनही कळणार नसते. माइक कुठे ठेवावा, किती वेळ थांबावे आणि फाइलला काय नाव द्यावे, हे निर्णय त्याच्या बाजूने विचार केल्यास सोपे होतात. या लेखात झाडीने वेढलेल्या एका लहान तळ्याकाठी, समोरचे जास्त आणि मागचे कमी ऐकणाऱ्या कार्डिऑइड माइकच्या जोडीने पहाटेचा परिसरध्वनी मुद्रित करण्याचे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतले आहे. साउंड इफेक्टचे तंत्र कुठे वेगळे पडते, तेही पुढे ओघाने येईल.

जागा आदल्या दिवशी, पण त्याच वेळी पाहावी

दुपारी निरव वाटलेली जागा पहाटे तशी असेलच, असे नाही. रात्री जमीन थंड होते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते. उबदार हवेत ध्वनी अधिक वेगाने जात असल्यामुळे वर निघालेल्या ध्वनिलहरी अशा वेळी पुन्हा जमिनीकडे वाकतात आणि एरवी वर विरून गेला असता असा दूरचा आवाज कित्येक किलोमीटरवरून आपल्यापर्यंत पोहोचतो. पलीकडच्या काठावरचे पक्षी पहाटे इतके स्पष्ट ऐकू येतात ते यामुळेच, आणि दिवसा ज्याचा मागमूसही नव्हता तो दूरचा महामार्ग पहाटे घरघरू लागतो तोही यामुळेच. ऊन पडून जमीन तापली की हा थर मोडतो, दूरचे आवाज मागे हटतात, पण त्याबरोबर वाराही सुटू लागतो. म्हणजे शांत हवा आणि शांत क्षितिज एकाच वेळी मिळतील, याची खात्री धरता येत नाही.

म्हणून पाहणीला मुद्रणाच्याच वेळी जावे आणि एका जागी डोळे मिटून दहा मिनिटे बसावे. कानांना पहिली दोन मिनिटे फक्त पक्षी ऐकू येतात. पाचव्या मिनिटाला पाण्याचा पंप, रोहित्राची गुणगुण किंवा रस्ता जाणवू लागतो. आपला मेंदू हे आवाज बाजूला सारतो, माइक सारत नाही. रस्ता ऐकू येत असेल तर उंचवट्याच्या आड किंवा खोलगट भागात पन्नास-शंभर पावले सरकून पुन्हा ऐकावे. बऱ्याचदा तेवढ्याने लक्षणीय फरक पडतो, आणि नाहीच पडला तर सुट्टीची पहाट निवडावी. जागा खासगी किंवा संरक्षित असल्यास परवानगीही याच फेरीत घ्यावी.

माइकची जोडी: ओआरटीएफ रचना

स्टिरिओ मुद्रणाच्या अनेक रचना आहेत, पण नवख्याने पहिल्या वर्षी एकीतच हात बसवावा, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी मी ओआरटीएफ रचना सुचवतो. फ्रान्सच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. तीत दोन सारखे कार्डिऑइड माइक असतात, त्यांच्या तोंडांमधील अंतर १७ सेंटिमीटर असते आणि त्यांच्या अक्षांमधला कोन ११० अंशांचा असतो. म्हणजे प्रत्येक माइक समोरच्या मध्यरेषेपासून ५५ अंश बाहेर वळलेला असतो. हे अंतर आपल्या दोन कानांमधील अंतराच्या जवळपासचे आहे. बाजूने आलेला आवाज लांबच्या माइकपर्यंत जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, शिवाय तिथे तो थोडा हळूही नोंदला जातो. हा वेळेचा आणि पातळीचा फरक एकत्र आल्याने हेडफोनवर आणि स्पीकरवर दोन्हीकडे जागा रुंद, तरी मध्यभागी भरीव वाटते. दोन्ही माइकची तोंडे एकाच बिंदूवर आणणारी एक्सवाय रचना मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा एकत्र केल्यावर, अधिक निर्धोक असते, परंतु परिसरध्वनीसाठी तिची जागा मला अरुंद वाटते. सर्व दिशांनी सारखे ऐकणारे ओम्नी माइक लांब अंतरावर लावले तर खोलवरचा नाद सुंदर येतो आणि वाऱ्याचा त्रासही कमी होतो, पण मागचा रस्ता ते समोरच्या तळ्याइतकाच ऐकतात.

अंतर आणि कोन अंधारात अचूक साधण्यासाठी एक युक्ती आहे. जाड पुठ्ठ्याचा असा त्रिकोण कापावा की त्याचा पाया १७ सेंटिमीटर आणि उरलेल्या दोन बाजू प्रत्येकी १०.४ सेंटिमीटर होतील. पायासमोरचा कोन आपोआप ११० अंशांचा होतो. माइक या दोन बाजूंना समांतर ठेवून त्यांची तोंडे पायाच्या दोन टोकांशी आणली की रचना तयार होते. माइक यापेक्षा लांब असतील तर त्यांच्या शेपट्या मागे एकमेकांना छेदतात, म्हणून एक माइक दुसऱ्यापेक्षा किंचित वर बसवावा लागतो. अंतर मोजायचे ते माइकच्या तोंडांमधले, मधल्या दांड्यांमधले नव्हे. सुरुवातीला बहुतेक जण इथेच चुकतात, आणि मग जोडी बारा किंवा पंचवीस सेंटिमीटरवर बसते.

या रचनेचा आणखी एक उपयोग क्वचित सांगितला जातो. आदर्श कार्डिऑइडचा हिशेब केला तर अगदी पाठीमागून येणारा आवाज समोरून येणाऱ्या आवाजापेक्षा सुमारे ११ डेसिबलने हळू नोंदला जातो. प्रत्यक्षात हा फरक थोडा कमी भरतो, तरीही नको असलेल्या आवाजाकडे जोडीची पाठ करणे हा दिशा ठरवण्याचा पहिला नियम मानावा. आमच्या उदाहरणात रस्ता पश्चिमेला होता, म्हणून जोडीचे तोंड पूर्वेकडे ठेवले. तळे समोर आणि थोडे डावीकडे आले, झाडी उजवीकडे.

उंचीच्या बाबतीत छातीपासून डोळ्यांपर्यंत, म्हणजे साधारण दीड मीटर, ही निर्धोक सुरुवात आहे. त्याहून खाली गेल्यास जवळच्या गवताची सळसळ आणि कीटक समोर येतात. भिंत, खडक किंवा जाड बुंधा जवळ असेल तर तिथून परतलेला आवाज थेट आवाजात मिसळतो आणि काही कंपने गाळली जाऊन सगळे पोकळ ऐकू येते. परतलेल्या आवाजाला एक मीटर जास्त प्रवास करावा लागला, तर तो जवळपास तीन मिलिसेकंद उशिरा येतो आणि १७० हर्ट्‌झच्या आसपास पहिला खड्डा पडतो. पोकळपणा जाणवला तर माइकचे सेटिंग न बदलता स्टँड दोन-तीन मीटर सरकवावा. वाहत्या पाण्याच्या बाबतीत अंतराला आणखी महत्त्व आहे. ओहोळाच्या अगदी काठावर पाणी म्हणजे नुसता एकसुरी खळखळाट असतो आणि पुढे तो पावसापासूनही वेगळा ओळखता येत नाही. आठ-दहा मीटर मागे आल्यावर त्यातले वेगवेगळे स्वर सुटे होतात आणि आजूबाजूची जागाही ऐकू येऊ लागते.

वारा, केबल आणि आपण स्वतः

बाहेरच्या मुद्रणाचा सर्वांत मोठा शत्रू वारा आहे. चेहऱ्याला जेमतेम जाणवणारी झुळूकही उघड्या कार्डिऑइड माइकच्या पडद्याला हलवते आणि शंभर हर्ट्‌झच्या खाली धप-धप असा आवाज भरते. माइकसोबत येणारे स्पंजचे टोपडे घरात पुरते, बाहेर नाही. प्रत्येक माइकभोवती हवेची पोकळी ठेवणारी जाळीची टोपली आणि तिच्यावर लांब केसांचे फरचे आवरण, असे दोन थर लागतात. पातळ पाने किंवा लांब गवत सतत हलताना दिसत असेल तर परतणेच शहाणपणाचे, कारण वाऱ्याने बिघडलेला खालचा पट्टा नंतर गाळून काढला तरी जागेचा गाभाही त्याबरोबर जातो.

केबल माइकपासून निघाल्यावर ढिला फास देऊन स्टँडला चिकटपट्टीने दोन ठिकाणी बांधावी. एकदा मी चाळीस मिनिटे मुद्रण करून घरी आलो आणि त्यात एक संथ, अनियमित टिकटिक सापडली. कुठला तरी कीटक असावा, असे वाटून मी ती तशीच ठेवली. काही दिवसांनी लक्षात आले की प्रत्येक टिक फांद्यांच्या सळसळीनंतर लगेच येते. सुटी राहिलेली केबल झुळकीसरशी स्टँडवर आपटत होती. त्या चाळीस मिनिटांतला एकही तुकडा वापरता आला नाही.

मुद्रण करणारा माणूसही आवाज करतो. नायलॉनचे जाकीट, पोटातली गुरगुर, घड्याळ, घसा खाकरणे, हे सारे शांत पहाटे स्पष्ट ऐकू येते. लांब केबल असेल तर पंधरा-वीस मीटर दूर जोडीच्या मागे बसावे. नसेल तर रेकॉर्डर चालू करून तिथून निघून जावे आणि शेवटी परत यावे. माणूस दूर गेला की दहा-पंधरा मिनिटांत पक्षी आणि बेडूक पुन्हा पूर्ववत होतात, असा माझा अनुभव आहे.

पातळी कशी लावावी

रेकॉर्डर २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झवर लावावा. परिसरध्वनीसाठी एवढे पुरते. स्टिरिओ फाइलचा एक तास सुमारे १ गिगाबाइट भरतो. ९६ किलोहर्ट्‌झवर तो दुप्पट होतो आणि दोन तासांत ४.१ गिगाबाइटचा पसारा होतो, ज्याचे काही रेकॉर्डर स्वतःच तुकडे करतात. आपोआप पातळी जुळवणारी सोय आणि मोठे आवाज दाबणारा लिमिटर दोन्ही बंद करावेत. आपोआप जुळणारी पातळी शांततेत गेन, म्हणजे माइककडून आलेला आवाज किती पटींनी मोठा करायचा ते प्रमाण, वाढवते आणि पक्षी बोलताच खाली आणते, त्यामुळे मागची जागा श्वास घेतल्यासारखी वरखाली होते, आणि हा दोष नंतर दुरुस्त होत नाही.

गेन लावताना मीटर भरलेला दिसावा, हा मोह टाळावा. शांत पहाट मीटरवर तळाशीच दिसते. त्या क्षणी ती वर आणली तर अर्ध्या तासाने डोक्यावरून ओरडत जाणारा पक्षी आवाज फाडून जाईल. परिसरात अपेक्षित असलेला सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल इतकाच गेन ठेवावा आणि एकदा सुरू केल्यावर त्याला हात लावू नये. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर असल्यास फाटण्याची चिंता बरीच कमी होते, पण वारा, केबल आणि माइकचा स्वतःचा हिस, म्हणजे सततची बारीक सरसर, यांवर तो काहीही करू शकत नाही.

हा हिस शांत जागी खरोखर अडचणीचा ठरतो. माइकच्या माहितीपत्रकात त्याच्या स्वतःच्या आवाजाचा आकडा दिलेला असतो. तो १५ डेसिबलच्या खाली असेल तर पहाटेचे काम ठीक होते, २० च्या वर असेल तर शांत क्षणी हिसच समोर येतो. ऐकू येणारा हिस माइकचा की दूरच्या झऱ्याचा, हे ठरवायचे असेल तर घरी आल्यावर त्याच गेनवर कपड्यांनी भरलेल्या बंद कपाटात एक मिनिट मुद्रण करावे. हिस तसाच राहिला तर तो यंत्रणेचा आहे.

ती पहाट

त्या दिवशी सूर्योदय ६ वाजून ५ मिनिटांनी होता. ४ वाजून ३५ मिनिटांनी जागेवर पोहोचलो, पुठ्ठ्याचा त्रिकोण लावून जोडी बसवली, माइकना केबलमधून वीज देणारी फँटम पॉवर चालू केली आणि रेकॉर्डरचे घड्याळ मनगटी घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवले. पुढच्या सर्व नोंदी या जुळणीवर अवलंबून असतात. मग डाव्या माइकच्या आवरणावर बोटाने हलकेच घासले आणि हेडफोनमध्ये आवाज डाव्या कानात येतो का, ते तपासले. डावा-उजवा उलटा लागणे ही अंधारात हमखास होणारी चूक आहे. ती घासण्याने पंधरा सेकंदांत सापडते, नाहीतर कधीच सापडत नाही, कारण तळे डावीकडे होते हे संकलकाला ठाऊक नसते.

४ वाजून ५२ मिनिटांनी मुद्रण सुरू केले. सुरुवातीलाच माइकपाशी हळू आवाजात तारीख, वेळ, जागा, जोडीची रचना, तिची दिशा आणि गेन बोलून ठेवले. फाइलचे नाव हरवले, कार्ड मिसळले, तरी ही बोललेली ओळख फाइलच्या आतच राहते. नंतर मागे जाऊन बसलो आणि वहीत वेळेसह नोंदी केल्या. ५ वाजेपर्यंत फक्त बेडूक आणि रातकिडे होते. ५ वाजून १० मिनिटांनी पहिला पक्षी बोलला. ५ वाजून १८ मिनिटांनी विमान गेले आणि त्याचा नाद पूर्ण विरायला जवळपास चार मिनिटे लागली. ५ वाजून २५ मिनिटांपासून होल्यांचे घुमणे सुरू झाले, बेडूक हळूहळू थांबले. सूर्योदयाच्या आधी-नंतरचा साधारण अर्धा तास पक्ष्यांच्या आवाजाची सर्वाधिक दाटी असते आणि त्या दिवशीही तसेच झाले. ६ वाजून २० मिनिटांनी कुत्रे भुंकू लागले, ६ वाजून ३५ मिनिटांनी पाने हलू लागली आणि मी थांबलो.

पावणेदोन तासांतून वापरण्याजोगे काय निघाले, हे पाहणे उद्‌बोधक आहे. सलग निर्मळ तुकडे तीनच मिळाले: बेडूक-रातकिड्यांचा पहाटपूर्व काळोखाचा सहा मिनिटांचा, पहिल्या विरळ पक्ष्यांचा चार मिनिटांचा आणि सूर्योदयाच्या सुमारच्या दाटीचा नऊ मिनिटांचा. हे प्रमाण वाईट नाही. एक तास बसून पाच मिनिटे मिळणे सामान्य समजावे, आणि दहा मिनिटांसाठी आलो तर दहा मिनिटांतच काम होईल, असा बेत कधीही करू नये. तीन मिनिटांपेक्षा लहान तुकडा मी सहसा ठेवत नाही, कारण संकलकाला तो पुन्हा पुन्हा जोडावा लागतो आणि त्यातला एखादा ओळखू येणारा चिवचिवाट दर दोन मिनिटांनी परत आला की श्रोत्याला फसवणूक कळते.

तिथेच एखादा इफेक्ट घ्यायचा असेल तर

तळ्याकाठी एक जुने लाकडी फाटक होते आणि त्याची बिजागरी छान करकरत होती. अशा आवाजासाठी स्टिरिओ जोडी वापरू नये. एकच माइक बिजागरीपासून तीस-चाळीस सेंटिमीटरवर धरावा, म्हणजे मागची पहाट दबून जाते आणि संकलक तो आवाज कुठल्याही जागेत ठेवू शकतो. फाटक हळू, मध्यम आणि जोरात, असे प्रत्येक प्रकारे पाच-सहा वेळा उघडावे. प्रत्येक वेळेच्या आधी आणि नंतर आवाज पूर्ण विरेपर्यंत स्तब्ध राहावे. करकर हळू असते आणि आपटणे तिच्यापेक्षा कितीतरी मोठे, म्हणून आपटण्याचे मुद्रण गेन कमी करून वेगळे घ्यावे. इफेक्टसाठी मात्र ९६ किलोहर्ट्‌झ वापरणे योग्य ठरते. संकलक करकर अर्ध्या वेगाने वाजवून तिचे एखाद्या अवजड दरवाज्यात रूपांतर करतो, तेव्हा वरचा पट्टा शिल्लक असेल तरच ती बोथट होत नाही. शेवटी त्याच माइकने, फाटकाला हात न लावता, एक मिनिट मागचा आवाज घेऊन ठेवावा. तुकड्यांमधल्या फटी भरायला तोच लागतो.

घरी आल्यावर: निवड, नाव, नोंद

कार्ड त्याच दिवशी दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवावे आणि दोन्हीकडच्या फाइली उघडून वाजतात हे पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. मूळ फाइली जशाच्या तशा जपाव्यात. काटछाट नेहमी प्रतीवर करावी. वहीतल्या वेळा पाहून विमानाची मिनिटे आधीच वगळता येतात, बाकीचे मात्र संपूर्ण ऐकावेच लागते. ऐकताना ध्वनिपटल, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, समोर ठेवावे. वारा तळाशी धुरकट डागांसारखा दिसतो, विजेची गुणगुण ५० किंवा ६० हर्ट्‌झ आणि तिच्या पटींवर सरळ आडव्या रेघांसारखी, तर केबलचा ठोका खालपासून वरपर्यंत उभ्या रेघेसारखा. त्यानंतर एकदा डावा-उजवा एकत्र करून मोनोमध्ये ऐकावे. खालचा पट्टा अचानक गायब झाला तर एका माइकची जोडणी उलट झालेली असते.

निवडलेल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना थोडा चढ-उतार द्यावा आणि तिथेच थांबावे. हिस घालवणारी प्रक्रिया, कॉम्प्रेशन किंवा आवाज वर खेचणे, यांतले काहीही नंतर संकलक करू शकतो, पण तुम्ही केलेले त्याला उलटवता येत नाही.

नावाच्या बाबतीत स्वतःची पद्धत शोधण्यापेक्षा यूसीएस, म्हणजे युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टिम, ही खुली वर्गपद्धती वापरणे शहाणपणाचे आहे. टिम नील्सन, जस्टिन ड्र्युरी आणि काय पॅक्विन यांनी ती तयार केली असून ती विनामूल्य आहे. तीत प्रत्येक उपवर्गाला एक छोटा संकेत असतो आणि फाइलचे नाव चार भागांचे होते: वर्गाचा संकेत, आवाजाचे थोडक्यात वर्णन, मुद्रण करणाऱ्याची खूण आणि संग्रहाची खूण. हे भाग अधोरेषेने वेगळे केलेले असतात. आमच्या फाइली अशा झाल्या:

```
AMBLake_Predawn Frogs Crickets Calm_RKD_POND.wav
AMBBird_Dawn Sparse First Birds_RKD_POND.wav
AMBBird_Dawn Dense Doves Pond_RKD_POND.wav
DOORWood_Gate Creak Slow_RKD_POND.wav
```

पहिल्या फाइलला तळ्याचा संकेत दिला आणि दुसरी-तिसरी त्याच जागेची असूनही त्यांना पक्ष्यांचा, कारण वर्ग ठरवताना आपण कुठे उभे होतो हे न पाहता ऐकणाऱ्याला सर्वांत आधी काय ऐकू येते, हे पाहायचे असते. तळ्याचा उल्लेख वर्णनात राहतोच. ‘सुंदर पहाट’, ‘अंतिम’, ‘नवीन २’ असले शब्द नावात टाळावेत. विरळ, दाट, दूर, शांत, ओले, असे शब्द शोधताना उपयोगी पडतात. पक्ष्याची जात खात्रीने ओळखता येत असेल तरच लिहावी. चुकीच्या जातीचे नाव एका फाइलवर चढले की ती फाइल चुकीच्या प्रदेशाच्या आणि चुकीच्या ऋतूच्या दृश्यात जाऊन बसते, आणि जाणकार प्रेक्षक ते पकडतो.

नावात न मावणारी माहिती फाइलच्या आत लिहावी. ब्रॉडकास्ट वेव्ह प्रकारच्या फाइलमध्ये वर्णनासाठी २५६ अक्षरांची एक जागा असते, आणि मराठीत काम करणाऱ्याने तिची मर्यादा लक्षात ठेवायला हवी: ती जागा साध्या रोमन अक्षरांसाठी ठरवलेली आहे. तिथे देवनागरी लिहिली तर एका प्रणालीत ती नीट दिसेल आणि दुसरीत तिच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतील. शिवाय एकेका देवनागरी चिन्हाला सहसा तीन बाइट लागत असल्याने पंचाऐंशीच्या आसपास चिन्हांतच जागा संपते. म्हणून फाइलच्या आत एवढेच लिहिले:

```
Pond edge, sunrise, no wind. Doves mid-distance, no traffic. ORTF 1.5 m, facing east.
```

सविस्तर मराठी वर्णन एका तक्त्यात ठेवावे आणि तो देवनागरी नीट जपणाऱ्या यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करावा. प्रत्येक फाइलला एक ओळ द्यावी: फाइलचे नाव, तारीख, सुरुवातीची वेळ, सूर्योदयापासूनचे अंतर, ऋतू, वारा, माइक, जोडीची दिशा, काय ऐकू येते आणि काय खटकते. सूर्योदयापासूनचे अंतर हा रकाना मी बऱ्याच उशिरा सुरू केला. सव्वापाच वाजता म्हणजे उन्हाळ्यात उजाडू लागलेले असते आणि हिवाळ्यात काळोख असतो; ‘सूर्योदयाआधी ५० मिनिटे’ असे लिहिले की दोन ऋतूंतल्या फाइली शेजारी ठेवून पडताळता येतात. खटकणाऱ्या गोष्टींचा रकानाही रिकामा सोडू नये. ‘३ मिनिटे ४० सेकंदांवर दूर कुत्रा’ एवढी नोंद असेल तर संकलक त्या जागी काप घेतो आणि उरलेला तुकडा वापरतो. ती नसेल तर कुत्रा त्याला शेवटच्या मिश्रणाच्या वेळी ऐकू येतो.

तक्ता भरून झाला, दोन्ही ड्राइव्हवरच्या फाइली पुन्हा एकदा वाजवून पाहिल्या, की मगच कार्ड रेकॉर्डरमध्ये घालून तिथेच फॉरमॅट करावे.